लांबचंही पुसट, जवळचंही पुसट: सिलिंड्रिकल नंबरची गोष्ट

डोळे तपासताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: लांबचं दिसत नाही की जवळचं? काही लोक या प्रश्नाला अडखळतात. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं नीट लागत नाहीत, पण हातातलं पुस्तकही टोकदार दिसत नाही. मग ते काहीतरी एक सांगून टाकतात, बहुतेक वेळा ‘लांबचं’. खरं उत्तर ‘दोन्ही’ असतं आणि ते अगदी बरोबर असतं. चष्म्याच्या चिठ्ठीवर ज्याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतात, त्या अॅस्टिग्मॅटिझमचं हेच लक्षण आहे.

हे समजण्यासाठी आधी साधा मायनस नंबर पाहू. त्यात डोळा प्रकाशकिरण गरजेपेक्षा लवकर एकत्र आणतो. लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर नुसता पुसट ठिपका पोचतो. पण वस्तू जवळ आणत गेलं की प्रतिमा मागे सरकत जाते आणि एका अंतरावर ती नेमकी पडद्यावर बसते. म्हणून मायनस नंबरवाल्याला लांबची पाटी वाचता आली नाही तरी जवळचं पुस्तक चष्म्याशिवाय छान वाचता येतं. त्याच्या डोळ्यासाठी स्पष्ट दिसण्याचं अंतर असतंच, ते फक्त जवळ असतं.

अॅस्टिग्मॅटिझममध्ये असं एकही अंतर नसतं. याचं कारण आहे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेत, म्हणजे कॉर्नियात. किरण वाकवण्याची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात, चष्म्याचा नंबरही त्याच मापात असतो. डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर ताकदीपैकी ४३ च्या आसपास ताकद एकट्या कॉर्नियाची असते. त्याची वक्रता सगळीकडून सारखी असेल तर तो चेंडूच्या कापलेल्या तुकड्यासारखा असतो. पण पुष्कळ डोळ्यांत तो एका दिशेने जरा जास्त वाकलेला असतो, जसा चमच्याचा फुगीर भाग आडव्या बाजूने जास्त आणि लांबीच्या बाजूने कमी वाकलेला असतो.

एक डोळा घेऊन हिशेब करू. समजा, कॉर्नियाची आडव्या दिशेतली वक्रतात्रिज्या ७.८ मिलीमीटर आहे आणि उभ्या दिशेतली ७.५४. फरक जेमतेम पाव मिलीमीटरचा. पण त्यामुळे आडव्या दिशेतली ताकद सुमारे ४३.२५ डायॉप्टर आणि उभ्या दिशेतली ४४.७५ होते. दीड डायॉप्टरचा फरक! समजा आडवी दिशा या डोळ्याला अगदी योग्य आहे. म्हणजे दूरच्या एखाद्या बिंदूपासून येणारे किरण डाव्या-उजव्या अंगाने नेमके पडद्यावर एकत्र येतात. वर-खालचे किरण मात्र पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात, एकमेकांना ओलांडतात आणि पडद्यापर्यंत पोचता पोचता पुन्हा फाकतात. परिणाम असा की बिंदूच्या जागी पडद्यावर एक छोटी उभी रेघ उमटते.

अॅस्टिग्मॅटिझम या नावाचा अर्थही तोच: बिंदूचा अभाव. ग्रीक भाषेत ‘स्टिग्मा’ म्हणजे बिंदू. दूरचा दिवा, तारा, अक्षराचा प्रत्येक कण, सगळं थोडं थोडं उभं ओढलं जातं.

किती ओढलं जातं? बाहुली ३ मिलीमीटर उघडी असेल, तर ६ मीटरवरच्या तक्त्यावर प्रत्येक बिंदू सुमारे २७ मिलीमीटर लांबीच्या रेघेएवढा पसरतो. त्या अंतरावर सामान्य दृष्टीच्या माणसाने वाचायचं सर्वांत बारीक अक्षर ९ मिलीमीटरपेक्षाही लहान असतं. रात्री बाहुली दुप्पट उघडली की रेघही दुप्पट होते. अंधारात समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना अशा लोकांना शेपट्या फुटलेल्या दिसतात, त्याचं मोठं कारण हे.

देवनागरी वाचणाऱ्याला हा दोष चांगला ओळखता येतो, कारण आपल्या लिपीत आडव्या आणि उभ्या रेषा ठळकपणे वेगळ्या आहेत. आपल्या उदाहरणातल्या डोळ्याला दूरच्या पाटीवरचा काना स्पष्ट दिसेल, कारण उभी रेघ उभीच ओढली गेली तर फक्त तिची टोकं थोडी लांबतात, कडा टोकदार राहतात. शिरोरेषा मात्र वर-खाली पसरून करड्या पट्ट्यासारखी होईल आणि वरच्या मात्रा तिच्यात मिसळतील.

आता तीच पाटी ६७ सेंटिमीटरवर आणा. वस्तू जवळ आल्यामुळे दोन्ही दिशांच्या प्रतिमा मागे सरकतात. जी वर-खालची प्रतिमा पडद्याच्या अलीकडे होती ती आता बरोबर पडद्यावर येते, पण जी डाव्या-उजव्या अंगाची प्रतिमा पडद्यावर होती ती पडद्याच्या मागे निघून जाते. डोळा सैल असेल तर आता प्रत्येक बिंदू आडवा ओढला जातो. शिरोरेषा एकदम रेखीव, आणि काना पुसट. ‘ध’ च्या शिरोरेषेतली छोटी फट आडवी भरून निघते आणि तो ‘घ’ वाटू लागतो, ‘भ’ चा ‘म’ होतो. शब्द ओळखीचा असेल तर वाचक अंदाजाने निभावून नेतो, अनोळखी नावावर चुकतो.

इथे कोणी म्हणेल, जवळचं पाहताना डोळा स्वतःच ताकद वाढवतो ना? वाढवतो. डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळला की भिंग फुगतं आणि ताकद चढते. पण ते भिंग सगळ्या दिशांना सारखंच फुगतं. सारी गोम या एका गोष्टीत आहे. वाचायला पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरलं तर ३ डायॉप्टर जास्त ताकद लागते. आपल्या डोळ्याने ३ डायॉप्टर वाढवले तर आडवी दिशा जुळते, पण उभी दीड डायॉप्टरने पुढे जाते. त्याने दीडच वाढवले तर उभी जुळते आणि आडवी दीडने मागे पडते. मधे सव्वादोनवर थांबला तर दोन्ही दिशा पाऊण-पाऊण डायॉप्टरने चुकतात आणि रेघेऐवजी एक गोल पुसट ठिपका मिळतो. भिंतीवरची फोटोफ्रेम तिरकी लागली असेल तर ती वर सरकवून सरळ होत नाही आणि खाली सरकवूनही होत नाही. अंतर बदलणं आणि डोळ्यावर ताण देणं हे दोन्ही फ्रेम वर-खाली सरकवण्यासारखं आहे. दोन दिशांमधला दीड डायॉप्टरचा फरक जसाच्या तसा राहतो.

आणि पसरण्याचं कोनातलं मापही जवळ-दूर तेवढंच असतं. ३३ सेंटिमीटरवर ही रेघ सुमारे दीड मिलीमीटरची भरते. छापील अक्षराची उंचीच जिथे दोन-अडीच मिलीमीटर असते, तिथे एवढं पसरणं खूप झालं. जवळच्या कामात बाहुली थोडी आकसते, तेवढीच काय ती सवलत. वाचताना डोळा एकदा कान्यासाठी, एकदा शिरोरेषेसाठी फोकस शोधत राहतो. थोड्या वाचनानंतर डोळे दुखणं किंवा कपाळ जड होणं यामागे पुष्कळदा हीच धडपड असते. चाळिशीनंतर फक्त जवळचं दिसेनासं होतं, ती गोष्ट वेगळी. तिथे भिंगाची फुगण्याची क्षमताच कमी झालेली असते.

डोळे बारीक करून पाहण्याची सवय या डोळ्याला खरोखर उपयोगी पडते. पापण्यांमधली आडवी फट वरून आणि खालून येणारे किरण अडवते. घोळ त्यांचाच होता, म्हणून उभी रेघ आखूड होते. कॉर्निया उलट दिशेने जास्त वाकलेला असेल तर दूरच्या पाटीसाठी याच युक्तीचा फारसा फायदा होत नाही.

उपाय शोधणारा माणूस खगोलशास्त्रज्ञ होता. जॉर्ज एअरी यांच्या लक्षात आलं की आपला डावा डोळा वाचनात भागच घेत नाही. त्यांनी प्रकाशाचा बारीक बिंदू डोळ्यापासून मागेपुढे सरकवून पाहिला. एका अंतरावर तो एका दिशेची रेघ दिसला, दुसऱ्या अंतरावर तिच्या काटकोनातली. दोन्ही अंतरं मोजली की दोन दिशांच्या ताकदीतला फरक हाती येतो. १८२५ साली त्यांनी त्या मापाची, एक बाजू एकाच दिशेने वाकलेली अशी काच स्वतःसाठी घडवून घेतली. त्याआधी, १८०१ मध्ये, थॉमस यंग यांनी आपल्या डोळ्यातला हाच दोष मोजला होता. डोळा पाण्यात बुडवून त्यांनी कॉर्नियाचा प्रभाव जवळजवळ पुसून टाकला, तरीही दोष उरला. त्यांच्या बाबतीत तो आतल्या भिंगातला होता. असंही असू शकतं, पण बहुधा दोष कॉर्नियाचाच असतो.

सिलिंड्रिकल काच म्हणजे नळकांड्याच्या बाजूचा काप. नळकांड्याच्या लांबीच्या दिशेने ती काहीच करत नाही, आडव्या छेदात तिची ताकद असते. आपल्या डोळ्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर −१.५०, अक्ष १८०’ असं लिहिलेलं असेल. अक्ष १८० म्हणजे आडवा. त्या दिशेने काच निष्क्रिय असते आणि उभ्या दिशेतला दीड डायॉप्टर तेवढा कापते. दोन्ही दिशा एकदा जुळल्या की पुढचं काम डोळा स्वतः करतो, म्हणूनच तरुण माणसाला तोच एक चष्मा लांबलाही चालतो आणि जवळलाही.

आपल्या चष्म्यात सिलिंडर आहे का, हे चिठ्ठी न पाहताही कळतं. चष्मा हातभर अंतरावर धरा, काचेतून दाराची उभी कड पाहा आणि चष्मा चक्रासारखा हळू फिरवा. काचेतली कड तिरकी होऊन बाहेरच्या कडेपासून मोडल्यासारखी दिसली तर सिलिंडर आहे. साध्या नंबरच्या काचेत कड सरळच राहते.

याच कारणाने काच डोळ्यासमोर फिरलेली चालत नाही. अक्ष १० अंशांनी चुकला तर मूळ दोषाचा सुमारे एक तृतीयांश भाग परत येतो आणि ३० अंशांनी चुकला तर काच लावूनही दोष जेवढ्यास तेवढा राहतो, फक्त दिशा बदलते. नंबर बदलल्याची शंका आली तर आधी फ्रेम वाकली आहे का ते पाहावं. लेन्स वापरणाऱ्याची सिलिंड्रिकल लेन्स डोळ्यात फिरली की नजर मधेच पुसट होते आणि पापणी मिटल्यावर पुन्हा सुधारते, तेही यामुळेच.

एका ठिकाणी मात्र ही काच हरते. तिला काटकोनातल्या दोनच दिशा कळतात. केराटोकोनस या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि त्याची वक्रता जागोजागी बदलते. मग कोणताही अक्ष दिला तरी अक्षरांना सावली राहते. किशोरवयात किंवा तरुणपणी सिलिंडर दर तपासणीला वाढत असेल, अक्ष सरकत असेल आणि नवा चष्मा लावूनही तक्त्यावरच्या खालच्या ओळी लागत नसतील, तर नुसता चष्मा बदलत राहू नये. नेत्रतज्ज्ञाकडून कॉर्नियाचा नकाशा काढून घ्यावा आणि तोवर डोळे चोळणं पूर्ण बंद करावं.