पूर्ण पैसे येईपर्यंत डिझाइन आपलंच?

"शेवटचा हप्ता येईपर्यंत डिझाइनची मालकी आपोआप माझ्याकडेच राहते ना?"

नाही, ते करारातल्या शब्दांवर ठरतं. मालकी 'काम तयार होताच' ग्राहकाकडे जाईल असं लिहिलं असेल, तर पैसे थकले तरी तुमच्या हातात फक्त वसुलीचा दावा उरतो.

समजा, तीन टप्प्यांचे हप्ते ४०-३०-३० टक्के आहेत आणि पहिला टप्पा मंजूर झाला आहे. दुसरा मसुदा तुम्ही दिला, मंजुरी यायच्या आत ग्राहकाने करार संपवला. समाप्तीच्या कलमात 'मंजूर टप्प्यांचेच पैसे' असेल, तर मिळाले ४०, आणि मसुदाही गेला. खरी गोम मालकी आणि समाप्ती या दोन कलमांच्या जोडीत असते. सुटी वाचली तर दोन्ही निरुपद्रवी वाटतात.

म्हणून सहीआधी लिहून घ्या: मालकी त्या टप्प्याची रक्कम जमा झाल्यावरच जाईल, सात दिवसांत उत्तर नाही आलं तर मसुदा मंजूर, आणि समाप्तीच्या तारखेपर्यंतच्या अर्धवट कामाचेही पैसे मिळतील.