हजाराचे n वे मूळ आणि n चे n वे मूळ: उत्तर एकच, कारणे वेगळी

बारावीनंतरच्या कॅल्क्युलसमध्ये पुढील दोन क्रमिका बहुधा एकाच पानावर भेटतात. पहिल्या क्रमिकेत एक ठरावीक धन संख्या, समजा १०००, घेऊन तिचे n वे मूळ काढायचे आणि n वाढवत न्यायचा, म्हणजे 1000^(1/n). दुसऱ्या क्रमिकेत मूळ n वेच काढायचे, पण ते खुद्द n या संख्येचे; म्हणजे n^(1/n). n अमर्याद वाढला की दोन्हींची सीमा १ येते. उत्तर सारखे आल्यामुळे कारणही सारखेच असणार असे वाटते आणि वह्यांमध्ये दोन्ही ठिकाणी एकच ओळ लिहिली जाते: «1/n हा घातांक शून्याकडे जातो आणि कोणत्याही संख्येचा शून्य घात १ असतो, म्हणून सीमा १.»

ही ओळ पहिल्या क्रमिकेसाठी खरी आहे, कारण तेथे पाया जागचा हलत नाही. १००० हा पाया कायम ठेवून घातांक शून्याकडे नेला, तर 1000^x या सलग फलनाची x = 0 पाशी असलेली किंमत, म्हणजे १, मिळणारच. दुसऱ्या क्रमिकेसाठी मात्र त्या ओळीने काहीच सिद्ध होत नाही. तेथे घातांक जितका लहान होतो तितकाच पाया मोठा होत जातो, आणि या ओढाताणीत कोण जिंकते हे घातांकाकडे एकट्याकडे पाहून सांगता येत नाही.

हाच युक्तिवाद n ऐवजी 2^n या पायाला लावून पाहिला की त्यातला दोष उघडा पडतो. (2^n)^(1/n) मध्येही पाया अनंताकडे जातो आणि घातांक शून्याकडे जातो, पण n कितीही असला तरी किंमत नेमकी २ असते. (n^n)^(1/n) घेतले तर किंमत n येते आणि ती अमर्याद वाढते. बाहेरून पाहता तिन्ही पदावल्या एकाच रूपाच्या आहेत, पाया अनंताकडे आणि घातांक शून्याकडे, पण त्यांची उत्तरे १, २ आणि अनंत अशी तीन निराळी येतात. अशा रूपाला अनिर्णीत म्हणतात ते याच अर्थाने: केवळ रूपावरून उत्तराचा निर्णय होत नाही.

निर्णय करायचा तर पाया आणि घातांक एकमेकांपासून सोडवून घ्यावे लागतात, आणि ते काम लॉगरिदम करतो. घाताचा लॉग घेतला की घातांक खाली उतरून गुणक होतो, म्हणून दोन्ही क्रमिकांचे नैसर्गिक लॉग असे दिसतात:

```
ln( 1000^(1/n) ) = (ln 1000) / n
ln( n^(1/n) )    = (ln n) / n
```

फरक आता समोरच मांडलेला आहे. पहिल्या ओळीत अंश ठरलेला आहे, सुमारे ६.९०८; त्याला वाढत्या n ने भागत गेल्यावर भागाकार शून्याकडे जातो यासाठी वेगळी सिद्धता लागत नाही. दुसऱ्या ओळीत मात्र अंशही वाढतो आणि छेदही, त्यामुळे प्रश्न शर्यतीचा होतो: ln n जलद वाढतो की n? येथे «लॉग हळू वाढतो हे सर्वांना माहीत आहे» एवढे म्हणून पुढे जाता येत नाही, कारण सिद्ध करायची गोष्ट तीच आहे.

लोपितालचा नियम वापरला तर उत्तर एका ओळीत मिळते: n च्या जागी वास्तव चल x घ्यायचा, अंशाचा विकलज 1/x, छेदाचा विकलज १, आणि त्यांचे गुणोत्तर शून्याकडे जाते. x ही पायरी गाळू नये, कारण केवळ पूर्णांकांवर चालणाऱ्या क्रमिकेचे विकलन करता येत नाही. वास्तव चलासाठी सीमा काढून मग ती पूर्णांकांना लावावी लागते. पण मला स्वतःला या नियमाशिवायची वाट अधिक पसंत आहे, कारण तिच्यात शर्यत किती फरकाने जिंकली जाते याचा अंदाजही हाती येतो.

ln x म्हणजे 1/t या वक्राखालचे १ पासून x पर्यंतचे क्षेत्रफळ. त्या पट्ट्यात वक्राची उंची कोठेही १ पेक्षा जास्त नाही, म्हणून x किमान १ असताना ते क्षेत्रफळ x − 1 पेक्षा जास्त असू शकत नाही आणि ln x हा x पेक्षा लहानच राहतो. एवढ्याने आपले काम होत नाही. यातून (ln n)/n हा १ पेक्षा लहान आहे इतकेच कळते. मात्र हीच असमानता n ऐवजी √n ला लावली आणि ln n = 2 ln √n हे लक्षात घेतले, तर ln n हा 2√n पेक्षा लहान ठरतो. दोन्ही बाजूंना n ने भागले की मिळते:

```
0 ≤ (ln n) / n < 2 / √n
```

उजवी बाजू शून्याकडे जाते, म्हणून दोहोंच्या मध्ये अडकलेला (ln n)/n सुद्धा शून्याकडे जातो. अंदाज तसा ढोबळ आहे: n = 100 असताना उजवी बाजू ०.२ आहे, तर (ln n)/n ची खरी किंमत सुमारे ०.०४६ आहे. सीमा सिद्ध करायला मात्र तो पुरेसा आहे.

यानंतरच्या पायरीवर पुष्कळ जण घसरतात. शून्य मिळाले की समाधानाने «सीमा शून्य» असे लिहून मोकळे होतात. शून्य ही लॉगची सीमा आहे, क्रमिकेची नव्हे. मूळ क्रमिकेकडे परतण्यासाठी e^x हे फलन लावावे लागते, आणि ते सलग असल्यामुळे n^(1/n) ची सीमा e^0, म्हणजे १, येते. चूक स्वतःच पकडण्याची खूण सोपी आहे: n धन पूर्णांक असताना n^(1/n) कधीच १ च्या खाली जात नाही, मग तिची सीमा शून्य कशी असेल?

आता दोन्ही क्रमिका आकड्यांत शेजारी ठेवू. n = 10 असताना हजाराचे दहावे मूळ सुमारे १.९९५२६ आहे, तर १० चे दहावे मूळ १.२५८९३. n = 100 ला हेच आकडे १.०७१५२ आणि १.०४७१३ असे येतात. n = 1000 ला दोन्ही अर्थातच एकच संख्या आहेत, १.००६९३. तेथे क्रम उलटतो, कारण पुढे n हा १००० ला मागे टाकतो. n दहा लाख झाला की हजाराचे मूळ सुमारे १.०००००६९ असते आणि दहा लाखांचे मूळ सुमारे १.००००१३८. दुसऱ्या क्रमिकेचा १ पासूनचा फरक जवळजवळ दुप्पट आहे, कारण दहा लाख हा हजाराचा वर्ग आहे आणि त्याचा लॉग हजाराच्या लॉगच्या नेमका दुप्पट आहे.

दोन्हींचा प्रवासही सारखा नाही. 1000^(1/n) पहिल्या पदापासून सतत उतरत येते: १०००, मग सुमारे ३१.६, मग १०, आणि असेच खाली. n^(1/n) मात्र १ पासूनच निघते, चढते आणि मग पुन्हा १ कडे वळते: १, १.४१४२१, १.४४२२५, परत १.४१४२१. दुसरे आणि चौथे पद तंतोतंत सारखे आहे, कारण 2^4 आणि 4^2 दोन्ही १६ आहेत. (ln x)/x चा विकलज (1 − ln x)/x² आहे; तो x = e पर्यंत धन आणि त्यापुढे ऋण असतो. e सुमारे २.७१८ असल्यामुळे पूर्णांकांमध्ये सर्वांत मोठे पद n = 3 चे आहे, आणि तेथून पुढे क्रमिका कायम उतरते.

एकदा प्रश्न लॉगच्या शर्यतीचा आहे हे ध्यानात आले की n च्या जागी दुसरे काही आले तरी गोंधळ होत नाही. (n^5)^(1/n) चा लॉग 5(ln n)/n आहे, म्हणून सीमा पुन्हा १ च येते; फक्त गती मंद असते आणि n = 100 ला किंमत अजून १.२५८९३ असते. याउलट n! चे n वे मूळ घेतले तर सीमा १ येत नाही. n! मधील निम्मे तरी गुणक n/2 किंवा त्याहून मोठे असतात, म्हणून ln n! हा किमान (n/2) ln(n/2) असतो. त्याला n ने भागले तरी अर्धा ln(n/2) उरतो आणि तो अमर्याद वाढतो. घातांक तर दोन्हीकडे 1/n च होता.

सीमा एकच असली तरी दोन्ही क्रमिका तिच्याकडे सारख्या गतीने जात नाहीत, आणि दोहोंतला सर्वांत खोल फरक मला येथेच दिसतो. पद आणि १ यांतला फरक n ने गुणून पाहावा. 1000^(1/n) साठी n = 1000 ला हा गुणाकार सुमारे ६.९३ येतो, दहा लाखाला सुमारे ६.९०७७८, आणि तो ln 1000 म्हणजे ६.९०७७५५ या संख्येवर स्थिरावत जातो. म्हणजे मूळ काढता येत असेल तर लॉगही काढता येतो. लॉगचे कोष्टक करणाऱ्या हेन्री ब्रिग्जने याच तत्त्वाचा उपयोग केला. १० चे वर्गमूळ, त्याचे वर्गमूळ असे करत तो ५४ वेळा गेला, आणि १६२४ साली त्याची चौदा दशांश स्थळांची कोष्टके प्रसिद्ध झाली. साध्या कॅल्क्युलेटरवरही हे करून पाहता येते: १० लिहून वर्गमुळाची कळ दहा वेळा दाबली की १.००२२५११५ उरतात, त्यातून १ वजा करून १०२४ ने गुणले की सुमारे २.३०५ मिळतात, आणि ln 10 ची खरी किंमत २.३०२५८५ आहे. कळ फार वेळा दाबण्यात मात्र फायदा नाही: मूळ १ च्या इतके जवळ जाते की पडद्यावरचे बहुतेक अंक शून्यांतच खर्च होतात आणि वजाबाकीनंतर हाती फारसे काही उरत नाही.

n^(1/n) साठी हाच गुणाकार केला तर n = 1000 ला ६.९३ येतो, दहा लाखाला सुमारे १३.८२, आणि तो कोठेच थांबत नाही. ln n च्या सोबतीने तो हळूहळू अनंताकडे चढत राहतो.