कृत्रिम आवाज व बदललेली दृश्ये : वर्णनातील खुलासा

व्हिडिओतील निवेदन यंत्राने तयार केलेल्या आवाजात असेल, किंवा एखादे दृश्य घडवलेले अथवा बदललेले असेल, तर ते व्हिडिओखालील वर्णनात (डिस्क्रिप्शनमध्ये) लिहून सांगण्याची पद्धत. यूट्यूबने मार्च २०२४ पासून अपलोड करतानाच याबाबत होय-नाही असा प्रश्न विचारायला सुरुवात केली. होय म्हटले की वर्णनाच्या भागात तसे लेबल दिसते. आरोग्य, निवडणूक, बातम्या, पैसा अशा नाजूक विषयांत ते थेट चित्रावरही येऊ शकते. मात्र ठरावीक साच्यातले हे लेबल ‘काहीतरी बदलले आहे’ एवढेच सांगते. काय बदलले आणि कुठे, हे सांगण्याचे काम निर्मात्याच्या स्वतःच्या दोन-चार ओळींचे.

प्रत्येक संपादनाचा खुलासा लागत नाही. रंगसंगती सुधारणे, पार्श्वभूमी धूसर करणे, आवाजातली खरखर काढणे किंवा उघडउघड कार्टून वाटणारे चित्र यांमुळे कोणाची फसगत होत नाही. खऱ्या माणसाच्या तोंडी तो न बोललेले शब्द घालणे, खऱ्या जागेचे किंवा घटनेचे चित्रण बदलणे, आणि न घडलेला प्रसंग खरा वाटेल असा उभा करणे, या तीन ठिकाणी मात्र खुलासा हवाच.

शब्द खरे असले तरी आवाजाबद्दल सांगावे लागते, हे दिवंगत अमेरिकी शेफ आणि दूरचित्रवाणी निवेदक अँथनी बोर्डेन यांच्यावरील ‘रोडरनर’ (२०२१) या माहितीपटाच्या वेळी दिसले. बोर्डेन यांनी मित्राला लिहिलेल्या ईमेलमधील मजकूर त्यांच्याच आवाजाच्या यांत्रिक नकलेत ऐकवला होता. चित्रपटात त्याची नोंद नव्हती. दिग्दर्शकाच्या मुलाखतीतून ती गोष्ट बाहेर आली आणि वाद पेटला. मजकूर बोर्डेन यांचाच होता, पण ते स्वतः तो बोलत आहेत असा प्रेक्षकांचा समज झाला होता. उलट ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) या माहितीपटात जिवाला धोका असलेल्या समलैंगिक माणसांचे चेहरे डिजिटल पद्धतीने बदलले होते, आणि ते का केले हे चित्रपटानेच आधी सांगितले. चेहऱ्यांच्या कडा मधूनच धूसर दिसत, तरी विश्वासाला धक्का लागला नाही.

चांगला खुलासा तीन गोष्टी सांगतो : काय कृत्रिम आहे, ते कोणत्या मिनिटाला आहे, आणि काय मूळ आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि तिथेच प्रेक्षक बिथरतो. एक दृश्य बनावट आहे एवढेच कळले की तो सगळ्याच व्हिडिओकडे संशयाने पाहू लागतो. समजा, ज्वालामुखीच्या एका जुन्या उद्रेकावर १४ मिनिटांचा व्हिडिओ आहे. निवेदन कृत्रिम आवाजात आहे, दिवंगत भूशास्त्रज्ञाचे पत्र त्यांच्या आवाजाच्या नकलेत वाचले आहे, आणि उद्रेकाचा क्षण कोणी टिपला नव्हता म्हणून तो संगणकावर उभा केला आहे. वर्णनात असे लिहिता येईल :

> निवेदनाचा आवाज संगणकनिर्मित आहे. संहिता आम्ही लिहिली आणि तपासली आहे. 4:10 ते 4:35 मधील उद्रेकाचे दृश्य एआयने तयार केले आहे, कारण त्या क्षणाचे चित्रीकरण झालेले नाही. 9:20 पासूनचे पत्र खरे आहे. आवाज कुटुंबीयांच्या परवानगीने तयार केला आहे. बाकी सर्व चित्रण मूळ आहे.

यात ‘सावधान’ नाही, क्षमायाचना नाही. ‘डीपफेक’, ‘बनावट’, ‘छेडछाड’ हे शब्द फसवण्याचा हेतू सुचवतात, तर ‘एआयने तयार केलेले’ हे शब्द फक्त कृती सांगतात. हेतू फसवण्याचा नसेल तर पहिल्या गटातले शब्द वापरणे म्हणजे स्वतःवरच खोटा आळ घेणे. ‘काही भाग एआयच्या मदतीने केलेला असू शकतो’ हे वाक्य त्याहून वाईट म्हणावे लागेल. ते कोणत्याही व्हिडिओखाली चालते, म्हणून काहीच सांगत नाही. स्वतः केलेल्या कामाबद्दल ‘असू शकतो’ म्हणायचे कारणच काय?

जागाही महत्त्वाची. वर्णन उघडल्याशिवाय त्याच्या सुरुवातीचाच थोडा मजकूर दिसतो. हॅशटॅग, दुवे आणि जाहिरातींच्या खाली टाकलेला खुलासा तांत्रिकदृष्ट्या दिलेला असतो, वाचला मात्र जात नाही. तो जमला की नाही, हे प्रतिक्रियांवरून कळते : ‘यातले खरे कोणते?’ असा प्रश्न वारंवार येत असेल, तर मजकूर मोघम आहे किंवा फार खाली आहे.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. व्हिडिओतला तुकडा कापून दुसरीकडे टाकला, तर वर्णन त्याच्यासोबत जात नाही. वरच्या उदाहरणातली उद्रेकाची २५ सेकंदेच नेमकी फिरण्याची शक्यता अधिक. म्हणून अशा दृश्याच्या कोपऱ्यात, ते संपेपर्यंत, ‘एआय-निर्मित दृश्य’ अशी छोटी अक्षरपट्टी ठेवतात. निव्वळ आवाजाच्या बाबतीत हा उपायही अपुरा पडतो. ऑडिओ वेगळा काढला की पट्टी मागेच राहते. त्यामुळे नक्कल केलेला आवाज सुरू होण्यापूर्वी निवेदनातच एका वाक्यात तसे सांगणे काही निर्माते पसंत करतात.