कल म्हणजे निकाल नव्हे: दोन मथळ्यांची चाचणी घेताना

मतमोजणीच्या दिवशी सकाळी टीव्हीवर जे आकडे सरकत असतात त्यांना आपण कल म्हणतो. निकाल हा शब्द शेवटची फेरी मोजून होईपर्यंत राखून ठेवतो. मोफत ट्रायलच्या नोंदणी पानावर दोन मथळ्यांची ए/बी चाचणी घेताना मात्र हेच भान सुटतं, कारण चाचणीचं टूल कल आणि निकाल दोन्ही एकाच हिरव्या रंगात दाखवतं.

समजा, दुकानदारांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे. मथळा अ: ‘दुकानाचा सगळा हिशेब एका जागी’. मथळा ब: ‘१४ दिवस मोफत वापरा, कार्ड लागत नाही’. पानावर रोज साधारण ६५० जण येतात आणि त्यांतले ४ टक्के नोंदणी करतात. येणाऱ्यांची चिठ्ठी टाकल्यासारखी निम्मी-निम्मी वाटणी होते, आणि एकदा अ दिसलेल्याला पुन्हा आल्यावरही अ-च दिसतो.

पाचव्या दिवशी अ-ला १,६२० जणांत ५८ नोंदण्या आहेत, ब-ला १,६३० जणांत ८५. म्हणजे ३.६ टक्के विरुद्ध ५.२ टक्के. पी-व्हॅल्यू, म्हणजे दोन्ही मथळे सारखेच असते तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.०२३; टूल म्हणतं ‘९७ टक्के खात्री’. इथे चाचणी थांबवून ब कायमचा लावावा असं कुणालाही वाटेल. पण हा कल आहे.

निकाल कधी लागणार हे चाचणी सुरू होण्याआधी ठरवायचं असतं. त्यासाठी एक सोपं सूत्र पुरतं:

```
n = 16 * p * (1 - p) / d^2
```

`d` म्हणजे जो फरक हाती लागावासा वाटतो तो. आपल्याला ४ वरून ५ टक्के, म्हणजे ०.०१ हवा आहे. `p` म्हणजे दोन्हींची सरासरी, ०.०४५. उत्तर येतं सुमारे ६,९००. प्रत्येक मथळ्याला तेवढी माणसं मिळायला, रोज ३२५ च्या हिशेबाने, तीन आठवडे लागतात. आठवडे पूर्णच घ्यावेत. रविवारचा दुकानदार आणि मंगळवारचा दुकानदार सारखा वागत नाही. शिवाय जीएसटीचं मासिक विवरण भरायची २० तारीख जवळ आली की बिलिंगच्या पानावर येणारी माणसंही बदलू शकतात. म्हणूनच दोन्ही मथळे एकाच वेळी चालवायचे, या आठवड्यात अ आणि पुढच्या आठवड्यात ब असं नाही.

एकविसाव्या दिवशी आकडे असे: अ ६,८३० जणांत २८७, ब ६,८२० जणांत ३११. ४.२० विरुद्ध ४.५६ टक्के, पी-व्हॅल्यू सुमारे ०.३१. आता पहिले पाच दिवस वजा करून पाहा. उरलेल्या सोळा दिवसांत अ ४.४० टक्के, ब ४.३५. सगळी आघाडी पहिल्या पाच दिवसांतली होती. नंतर ती वाढलीच नाही, फक्त मोठ्या गर्दीत विरघळली.

असं का होतं? पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली की टूल हिरवं होतं, पण ही ५ टक्क्यांची मर्यादा एकदाच पाहण्यासाठी आहे. दोन मथळ्यांत काहीच फरक नसताना पाच वेळा डोकावलं आणि हिरवं दिसताच थांबलं, तर चुकीचा विजेता घोषित करण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होते; वीस वेळा डोकावलं तर सुमारे २५. मला यातली सर्वात मोठी चूक हीच वाटते, कारण ती करणारा माणूस प्रामाणिकपणे आकडेच पाहत असतो. मध्येच थांबण्याची सोय हवीच असेल तर ती आधी ठरवून मर्यादा कडक करावी लागते. स्टुअर्ट पोकॉक यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पाच वेळा पाहायचं तर प्रत्येक वेळी ०.०५ ऐवजी ०.०१५८ ची मर्यादा लागते. आपला ०.०२३ तिथेच अडला असता.

निकाल वाचण्याआधी वाटणी तपासावी. ६,८३० आणि ६,८२० ठीक आहे. तेच ७,१०० आणि ६,५५० असते तर नोंदणीचे आकडे बघायचेच नाहीत. एक मथळा उशिरा लोड होतोय आणि त्याआधीच लोक निघून जातायत, अशासारखा बिघाड शोधायचा.

मग ब हरला का? नाही. खरा फरक अ-च्या बाजूने ०.३ टक्क्यांपासून ब-च्या बाजूने १ टक्क्यापर्यंत कुठेही असू शकतो, एवढंच हाती आलं आहे. चाचणी ‘अजून चार दिवस’ लांबवणं म्हणजे पुन्हा डोकावणंच. मी इथे अ ठेवीन आणि पुढची चाचणी अ-पासून याहून दूर असलेल्या मथळ्याची घेईन.

एक हिशेब अजून बाकी राहतो. ‘कार्ड लागत नाही’ वाचून आलेल्यांत नुसतं बघून जाणारे जास्त असू शकतात, आणि शेवटच्या दिवशी नोंदणी केलेल्याची ट्रायल पस्तिसाव्या दिवशी संपते. पैसे भरणारे कोणत्या मथळ्यातून आले हे त्यानंतरच मोजता येतं. ती संख्या दोन्हीकडे थोडीच असेल, त्यामुळे मोठी घसरण असेल तर दिसेल, बारीक फरक दिसणार नाही.