‘गावाला जायचंय’ या उत्तराच्या आत

वेटर काम सोडतो तेव्हा राजीनाम्याच्या कागदावर बहुतेक तीनपैकी एक कारण असतं: गावाला जायचंय, दुसरीकडे पगार जास्त आहे, तब्येत बरी नाही. मालक ते वाचून फाईलला लावतो आणि पुढच्या महिन्यात नवा माणूस शोधतो. ही कारणं खोटीच असतात असं नाही. पण ती निरोपाची कारणं असतात, कुणाला न दुखावता निघता यावं म्हणून दिलेली. त्यांवरून हॉटेलात काय बदलायचं हे कळत नाही.

यात माणसाच्या मनाचाही एक गुण आहे. निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये दाखवून दिलं की आपण एखादी गोष्ट का केली, हे माणसाला विचारलं तर तो पुष्कळदा खरं कारण न आठवता पटण्यासारखं कारण रचतो, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे. म्हणून काम सोडणाऱ्याशी जाताना बोलायचं, त्या निरोपाच्या मुलाखतीत ‘का सोडताय?’ हा सर्वांत दुबळा प्रश्न आहे. त्यापेक्षा घडलेलं विचारावं.

काय घडलेलं विचारायचं, याचा धागा ली आणि मिचेल यांच्या 1994 च्या मांडणीत सापडतो. नाराजी हळूहळू साठत जाते आणि एक दिवस माणूस निघतो, असा तोपर्यंतचा समज होता. त्यांचं म्हणणं असं की अनेकदा एखादी ठरावीक घटना माणसाला हलवते आणि मगच तो ‘इथं राहायचं का?’ याचा विचार करू लागतो. बहिणीच्या लग्नाला रजा नाकारली, गिऱ्हाइकांसमोर कॅप्टन ओरडला, ओळखीच्या माणसाने दुसऱ्या हॉटेलातून फोन केला. मुलाखतीला शोधायचा असतो तो हा दिवस.

म्हणून पहिला प्रश्न असा: “सोडावं असं पहिल्यांदा मनात कधी आलं? त्या दिवशी काय झालं होतं?” दुसरा मोजदादीचा: “शेवटच्या चार आठवड्यांत ठरलेली सुट्टी किती वेळा मिळाली, किती वेळा रद्द झाली, आणि रद्द झाल्याचं कधी कळलं?” तिसरा प्रश्न ‘जास्त पगार’ हे उत्तर सोलून काढतो: “नव्या जागी हातात किती पडणार? टिप कशी वाटतात? ब्रेक शिफ्ट आहे की सरळ? राहायची खोली किती लांब?” कितीदा तरी पगारातला फरक पाचशे-हजाराचा निघतो आणि खरी ओढ सरळ शिफ्टची असते. ब्रेक शिफ्टमध्ये दुपारी साडेतीनला सुटून साडेसहाला परत यायचं आणि खोली तासभर लांब, म्हणजे मधले तीन तास खुर्च्या जोडून झोपण्यात जातात. शेवटचा प्रश्न साधा, पण खोल जाणारा: “तुमच्या धाकट्या भावाला इथं कामाला लावाल का? लावलंत तर आधी त्याला काय सांगून ठेवाल?” मालकाबद्दल बोलायला कचरणारा माणूस भावाला द्यायच्या सूचना मोकळेपणाने सांगतो.

प्रश्न बरोबर असूनही मुलाखत फसते ती बहुधा पैशामुळे. पगार, टिपचा वाटा किंवा उचल वळती करण्याचा हिशेब अडकलेला असेल तर कुणीही खरं बोलणार नाही. वेतन संहिता 2019 नुसार काम सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ते हातात पडल्यावरच बोलायला बसावं. विचारणारा माणूस त्याचा कॅप्टन किंवा शेफ नसावा. हिशेब पाहणारा किंवा दुसऱ्या शाखेचा कुणी चालेल. वेळ दुपारी चार-साडेचारची, पंधरा-वीस मिनिटं, आणि भाषा त्याची. नेपाळी किंवा ओडिया हेल्परला मराठीत विचारलं तर ‘सब ठीक था’ एवढंच मिळतं. महिन्याने पहिला प्रश्न फोनवर पुन्हा विचारावा. तोवर भीडही ओसरलेली असते.

आता उत्तरांचं करायचं काय? समजा, 24 माणसांचं एक हॉटेल आहे. वर्षात 11 जण गेले. कागदावर पाच ‘गावाला’, चार ‘जास्त पगार’, दोन ‘तब्येत’. घटनेचा प्रश्न विचारल्यावर चित्र पालटतं: तिघे खरोखर गावी गेले, दोघांचा टिपवरून वाद झाला होता, आणि सहा जणांनी सुट्टी आदल्या रात्री रद्द झाल्याचा दिवस सांगितला.

इथे बहुतेक जण एक चूक करतात: फक्त गेलेल्यांचं ऐकतात. समजा, 11 पैकी 8 जणांनी स्टाफच्या जेवणाबद्दल तक्रार केली. कारण सापडलं असं वाटतं. पण टिकून असलेल्या 24 जणांना तेच विचारलं तर 17 जण तीच तक्रार करतात. दोन्हीकडे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेवण वाईट असेल, सुधारायलाही हवं, पण लोक त्यामुळे जात नाहीत. सुट्टीचं मात्र तसं नाही. चार आठवड्यांत दोन किंवा अधिक सुट्ट्या गमावलेले, गेलेल्यांत 11 पैकी 7 आणि राहिलेल्यांत 24 पैकी 5. फरक इथे आहे.

मग प्रत्येकाची रुजू होण्याची तारीख शेजारी लिहावी. वर्षात आलेल्या 12 नव्यांपैकी 6 जण 90 दिवसांच्या आत गेले आणि सुट्टी गमावणाऱ्यांत तेच जास्त होते. कारण उघड आहे. शनिवारी बुकिंग वाढलं की कॅप्टन सुट्टी कापतो ती नव्याची. जुन्याशी वाद कोण घालणार? नवा जातो, माणूस कमी पडतो, पुढच्या नव्याची सुट्टी कापली जाते. गळती आणि सुट्टी-कपात एकमेकींना पोसत राहतात. पगार हजाराने वाढवून हे चक्र तुटत नाही.

ते तुटतं ड्यूटी चार्टवर. पुढच्या सोमवारपासूनचा चार्ट गुरुवारी भिंतीवर लागावा. पहिल्या 90 दिवसांत नव्याची सुट्टी कापायची नाही. इतरांची कापावी लागली तर त्याच क्षणी सात दिवसांतली बदली तारीख चार्टवर लिहायची. आणि शुक्रवार ते रविवार संध्याकाळसाठी रोजावर येणारी दोन माणसं बांधून ठेवायची, नाहीतर बाकीचे नियम पहिल्याच गर्दीत मोडतात.

नंतर आलेल्या सहा नव्यांपैकी एकच जण 90 दिवसांत गेला, तर उपाय लागू पडला का? घाई नको. काहीही बदललं नसतं आणि प्रत्येकाची जाण्याची शक्यता पूर्वीसारखी निम्मीच असती, तरी सहांपैकी एक किंवा शून्य जण जाण्याची शक्यता 64 मध्ये 7, म्हणजे सुमारे 11 टक्के असते. नुसत्या योगायोगानेही नऊ वेळांत एकदा असं दिसेल. आणखी सहा-आठ जणांची नोंद होईपर्यंत थांबावं आणि त्या काळात दुसरा मोठा बदल करू नये, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

छोट्या हॉटेलात गुप्तता राखणं अवघड असतं. तंदूरवर एकच माणूस होता, तर त्याचं वाक्य कुणाचं हे शेफला लगेच कळतं. निदान तिघांची उत्तरं जमेपर्यंत ती मॅनेजरपुढे ठेवू नयेत, आणि ठेवताना शब्द नव्हे, आकडे ठेवावेत. लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर मात्र थांबायचं नाही. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी कायद्याने अंतर्गत समिती लागते आणि तिच्याकडे तक्रार कशी करायची हे त्या व्यक्तीला तिथेच सांगावं.

निम्मी गळती पहिल्या 90 दिवसांत असेल तर निरोपाच्या दिवशी विचारणं उशिराचंच. सुट्टीचा प्रश्न नव्या माणसाला तिसाव्या दिवशी विचारता येतो, तेव्हा तो अजून गणवेशात असतो.