सोमवारी निगेटिव्ह, गुरुवारी पॉझिटिव्ह

राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये गेल्या उन्हाळ्यात एक मावशी दोन रिपोर्ट घेऊन आल्या. मुलगा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्रेन चालवतो. रोज गांजा ओढायचा, तीन वर्षं. नोकरीवर गदा आली तशी त्यानं सोडला. बाराव्या दिवशी, सोमवारी, लघवीची तपासणी निगेटिव्ह आली. गुरुवारी कंपनीनं पुन्हा घेतली, ती पॉझिटिव्ह. "साहेब, पोरगं आता हात लावत न्हाई बघा. देवाशपथ सांगतो म्हणतंय. मग हे आलं कुठनं?"

कंपनीच्या मते उत्तर सरळ होतं: मधल्या तीन दिवसांत पुन्हा ओढला. (ओळख लपवण्यासाठी तपशील बदललेत आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केलेत. घोळ मात्र नेहमीचाच आहे.)

तपासणीत नेमकं काय शोधतात, ते आधी पाहू. गांजाची नशा देणारा घटक म्हणजे टीएचसी. तो रक्तात काही तासच जोरात असतो. यकृत त्याचं आधी एका नशा देणाऱ्या आणि मग नशा न देणाऱ्या पदार्थात रूपांतर करतं. या दुसऱ्या पदार्थाला कार्बॉक्सी-टीएचसी म्हणतात. लघवीत शोधतात तो हाच. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट पूर्वी कधीतरी सेवन झाल्याचं सांगतो. माणूस त्या घडीला नशेत होता का, हे त्यातून कळत नाही.

पट्टीवरची तपासणीही जरा उलटीच असते. पट्टीवरच्या टी या अक्षराच्या जागी रेष उमटली तर निगेटिव्ह आणि रेष गायब झाली तर पॉझिटिव्ह. पुसट रेषही रेषच धरायची. नवे तंत्रज्ञ इथे हमखास चुकतात. पट्टीचा उंबरठा बहुतेक वेळा एका मिलिलिटरमागे 50 नॅनोग्रॅम असतो. 49 ला निगेटिव्ह, 51 ला पॉझिटिव्ह. शंका आली की नमुना मोठ्या यंत्रावर जातो. तिथे खरा आकडा मिळतो आणि उंबरठा साधारण 15 चा असतो. म्हणून "किती दिवस दिसतो?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, "कोणत्या उंबरठ्यावर?"

आता कधीतरी ओढणाऱ्याचं पाहू. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मेरिलिन ह्युस्टिस आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना देखरेखीखाली एकच गांजाची सिगारेट दिली आणि त्यांची प्रत्येक लघवी तपासली. 15 च्या उंबरठ्यावर सौम्य सिगारेटचा माग सरासरी 34 तास लागला आणि दुप्पट तीव्रतेच्या सिगारेटचा 89 तास, म्हणजे पावणेचार दिवस. 50 च्या पट्टीवर हाच माणूस बहुधा दीड-दोन दिवसांतच निगेटिव्ह येतो. माणसामाणसांत फरक मोठा: त्याच सौम्य सिगारेटवर एखाद्याचा माग आठ तासांत संपला, तर एखाद्याचा जवळजवळ तीन दिवस टिकला.

रोज ओढणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि ती समजायला मिसळीचा डबा पुरे. प्लॅस्टिकच्या डब्यात एकदाच कट नेला तर साबणाच्या दोन हातांत डबा साफ होतो. तोच डबा वर्षभर रोज कटासाठी वापरला तर लाल रंग प्लॅस्टिकच्या आत शिरतो. मग किती घासा, पुढे कित्येक दिवस त्यात ठेवलेल्या गरम तेलाला लालसर झाक येते. मिरचीचा रंग तेलात विरघळणारा आहे, टीएचसीही तसाच. रोजच्या सेवनानं तो शरीरातल्या चरबीत साठत जातो. सेवन थांबलं की चरबीतून थोडा थोडा रक्तात झिरपतो, यकृत त्याचं रूपांतर करत राहतं आणि लघवीत तोच पदार्थ येत राहतो. नवा गांजा न ओढता.

समजा, कधीतरी ओढणाऱ्याची पातळी 100 वर गेली आणि दर तीस तासांनी निम्मी होत गेली, तर सव्वा दिवसात तो पन्नासवर येतो. रोज ओढणाऱ्याची सुरुवात 400 ला धरा आणि निम्मं व्हायला तीन दिवस धरा: 200, 100, 50. नऊ दिवस गेले. त्यापुढे झिरपण्याचा वेग आणखी मंदावतो, त्यामुळे 15 च्या खाली जायला आणखी दहा-बारा दिवस सहज लागतात. फार वर्षं, फार जास्त ओढणाऱ्यांत महिन्याच्या पुढेही पॉझिटिव्ह नमुने नोंदले गेलेत. "गांजा तीस दिवस दिसतो" हे लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य या टोकाच्या माणसांसाठी खरं आहे. रंगपंचमीला मित्रांच्या आग्रहानं दोन झुरके मारलेल्या पोराला ते लावणं चूक.

आणि ही उतरण जिन्यासारखी नसते. वर-खाली होत उतरते. मावशींच्या मुलाचं तेच झालं.

सोमवारी त्यानं कुणाचं तरी ऐकून सकाळपासून तांब्यातांब्यानं ताक आणि पाणी प्यायलं होतं. लघवी पाण्यासारखी. पट्टीवर निगेटिव्ह, पण नंतर यंत्रावर मोजला तेव्हा आकडा आला 42, म्हणजे पट्टीच्या 50 च्या जरासाच खाली. गुरुवारी तो भट्टीजवळची रात्रपाळी करून, घामानं निथळून आला होता. लघवी गडद पिवळी, आकडा 78. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर पातळी वाढली. पण लघवी किती पातळ आहे याचं माप नमुन्यातच असतं: क्रिएटिनीन. स्नायूंतून तयार होणारा हा पदार्थ शरीर रोज साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर टाकतं. सोमवारी तो एका डेसिलिटरमागे 30 मिलिग्रॅम होता, गुरुवारी 150. एक डेसिलिटर म्हणजे 100 मिलिलिटर, हे धरून आता भागाकार करा. सोमवारी एका मिलिग्रॅम क्रिएटिनीनमागे 140 नॅनोग्रॅम, गुरुवारी 52. तीन दिवसांत पातळी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आली होती. पोरगं खरं बोलत होतं.

क्रिएटिनीन वीसच्या खाली गेलं असतं, तर अमेरिकेतल्या नोकरीच्या तपासण्यांत असा नमुना पाणचट म्हणून वेगळा काढतात. सोमवारचा 30 चा नमुना त्या चाळणीतून सुटला आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. खरं तर फसवा रिपोर्ट गुरुवारचा नव्हता, सोमवारचा होता.

या भागाकाराचीही एक मर्यादा आहे. दुसऱ्या नमुन्याचा भागाकार पहिल्याच्या निम्मा किंवा त्याहून जास्त, म्हणजे दोघांचं गुणोत्तर 0.5 किंवा त्याहून जास्त असेल तर नवं सेवन समजावं, असा एक नियम ह्युस्टिस आणि एडवर्ड कोन यांनी 1998 साली सुचवला. तो कधीतरी ओढणाऱ्यांच्या नमुन्यांवरून काढलेला होता. रोज ओढणाऱ्याची पातळी निम्मी व्हायलाच तीन दिवस लागत असतील, तर चोवीस तासांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नमुन्यांचं गुणोत्तर काहीही न ओढता 0.8 च्या आसपास येईल आणि नियम त्याला नाहक दोषी ठरवेल. म्हणून रोजच्या सेवनासाठी पुढे वेगळी कोष्टकं तयार झाली. त्यांत दोन नमुन्यांमधले दिवसही धरतात. आमच्या पोराचं गुणोत्तर तीन दिवसांनी 0.37 होतं, त्यामुळे प्रश्न आला नाही. 0.7 आलं असतं, तर मी कंपनीला तिसरा नमुना मागितला असता.

मी दोन्ही आकडे आणि दोन्ही क्रिएटिनीन एका कागदावर लिहून दिले. मावशींनी कागद उलटसुलट केला. "हे त्यास्नी कळंल का?" म्हणाल्या. मग मी भागाकारही खाली मांडून दिला.