'आपण', 'स्वतः' आणि बंधनाची तत्त्वे : एका कसोटीची पार्श्वभूमी

शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या मराठी व्याकरणांत 'आपण' आणि 'स्वतः' ही दोन्ही सर्वनामे 'आत्मवाचक' या एकाच नावाखाली येतात. त्यांतील 'आपण'विषयी बऱ्याच पुस्तकांत एक नियम दिलेला असतो : पुरुषवाचक 'आपण' वाक्याच्या आरंभी येऊ शकतो, आत्मवाचक 'आपण' मात्र आरंभी कधीच येत नाही. 'आपण नापास होऊ असे रामला वाटले' या वाक्यात हा नियम टिकत नाही. येथे 'आपण' सर्वांत आधी आला आहे, तरी त्याचा अर्थ 'राम' असाच लागतो, आणि राम तर पुढे उच्चारला गेला आहे. सर्वनामाचा अर्थ ठरवणारा नियम शब्दांच्या मागेपुढे असण्यावर उभा करावा की वाक्याच्या रचनेवर, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीच्या अभ्यासातून पुढे आला. त्याच्या उत्तरांची परीक्षा घेताना मराठीतील या जोडीला महत्त्व कसे आले, हे पाहण्यासाठी, आणि निर्जीव नामे घेऊन 'आपण'ची कसोटी का घ्यावी हे समजण्यासाठी, थोडे मागे जावे लागते.

लीस आणि क्लिमा यांनी 1963 साली इंग्रजी सर्वनामांविषयी मांडलेला नियम साधा होता. एकाच साध्या वाक्यात तेच नाम दुसऱ्यांदा आले तर त्याच्या जागी आत्मवाचक रूप वापरायचे, आणि दोन्ही नामे वेगवेगळ्या उपवाक्यांत असतील तर साधे सर्वनाम. पुढील दशकात चर्चेचा रोख क्रमाकडून रचनेकडे वळला. तान्या राइनहार्ट यांच्या 1976 च्या प्रबंधात सी-कमांड ही संकल्पना नेमकी मांडली गेली. ढोबळमानाने सांगायचे तर, वाक्याच्या वृक्षात, म्हणजे त्याची रचना फांद्यांनी दाखवणाऱ्या आकृतीत, एखाद्या पदाच्या लगेच वर जी फांदी फुटते, तिच्या खाली येणारी बाकीची सर्व पदे त्या पदाच्या सी-कमांडमध्ये असतात. वरच्या वाक्यातील 'रामला' हे पद 'आपण नापास होऊ असे' या संपूर्ण उपवाक्याला सी-कमांड करते, त्यामुळे उपवाक्य आधी उच्चारले काय किंवा नंतर, अर्थ बदलत नाही. 'रामच्या आईला वाटते की नलूने आपल्याला फसवले' या वाक्यात मात्र 'आपल्याला' म्हणजे आई, राम नव्हे. राम हा 'रामच्या आईला' या पदसमूहाच्या आत अडकलेला आहे आणि तेथून त्याची सत्ता उपवाक्यापर्यंत पोहोचत नाही.

या साहित्यावर नोम चॉम्स्की यांनी 1981 साली बंधनाची तीन तत्त्वे उभी केली. बंधन म्हणजे एखाद्या पदाचा अर्थ त्याला सी-कमांड करणाऱ्या पदाशी बांधला जाणे; त्या दुसऱ्या पदाला पूर्वपद म्हणायचे, आणि असे पूर्वपद नसलेले पद मोकळे. पहिल्या तत्त्वानुसार आत्मवाचक पदाला त्याच्या ठरावीक परिसरातच, ढोबळमानाने त्याच्याच उपवाक्यात, पूर्वपद मिळाले पाहिजे. दुसऱ्यानुसार साधे सर्वनाम त्याच परिसरात मोकळे राहिले पाहिजे. तिसऱ्यानुसार 'राम'सारखे नाम सर्वत्र मोकळे असले पाहिजे. पहिली दोन तत्त्वे परस्परांची उलट बाजू आहेत, आणि मांडणीचे सारे सौंदर्य त्यातच आहे. जेथे आत्मवाचक चालते तेथे सर्वनाम चालत नाही आणि जेथे सर्वनाम चालते तेथे आत्मवाचक चालत नाही, असे भाकीत त्यातून आपोआप निघते. इंग्रजीत ते बहुतांशी खरे ठरते, आणि मराठीतील 'स्वतः'ही ते पाळतो. 'मीनाला वाटते की नलूने स्वतःला फसवले' या वाक्यात फसवली गेलेली व्यक्ती नलूच, मीना नव्हे.

अडचण जपानीतील 'जिबुन', चिनीतील 'झिजी', आइसलँडिकमधील 'सिग' अशा पदांनी निर्माण केली. या पदांना पूर्वपद लागतेच, परंतु ते उपवाक्याच्या सीमेबाहेरही चालते. त्यांना दूरबद्ध आत्मवाचके म्हणता येईल. त्यांना सामावून घेण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न मांझिनी आणि वेक्सलर यांचा, 1987 सालचा. त्यांच्या मते प्रत्येक आत्मवाचक शब्द आपापला परिसर निवडतो, आणि निवडीचे पर्याय पाचच आहेत. सर्वांत लहान परिसर कर्त्यापाशी संपतो आणि सर्वांत मोठा संपूर्ण वाक्याएवढा असतो. हे परिसर एकात एक बसणारे असल्यामुळे मोठा परिसर निवडणाऱ्या शब्दाला लहान परिसरातील पूर्वपदही चालायला हवे. जपानी, चिनी आणि आइसलँडिक पदांच्या बाबतीत ते चालते, म्हणून हा भाग कोणाला फारसा खटकला नाही.

मराठीतील 'आपण' येथे वेगळे वागतो. पुढील तीन वाक्ये शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

लिलीने आपल्याला आरशात पाहिले.
मीनाला वाटते की नलूने आपल्याला फसवले.
लिलीने आपले पुस्तक उचलले.

पहिल्या वाक्यात 'आपल्याला' म्हणजे 'आम्हा-तुम्हाला' किंवा आदरार्थी 'तुम्हाला' असा अर्थ लागतो. 'लिलीला' असा लागत नाही, त्यासाठी 'स्वतःला'च हवे. दुसऱ्या वाक्यात 'आपल्याला' म्हणजे मीना, नलू नाही. म्हणजे जवळचा कर्ता वगळून दूरचा कर्ता घेतला जातो. साध्या सर्वनामानेही असेच वागावे असे दुसरे तत्त्व सांगते. परंतु 'आपल्याला'च्या जागी 'तिला' घातले तर वाक्याबाहेरची एखादी तिसरी स्त्रीही चालते, आणि ती मोकळीक दूरबद्ध 'आपण'ला नाही. म्हणजे हा शब्द एका बाजूने आत्मवाचक आहे, कारण त्याला वाक्यातच पूर्वपद हवे; दुसऱ्या बाजूने सर्वनाम आहे, कारण त्याला जवळ मोकळे राहायचे आहे. चॉम्स्कींच्या चौकटीत हे दोन्ही गुण एकत्र असलेले पद म्हणजे फक्त क्रियार्थक रचनेतील अनुच्चारित कर्ता होता. उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाला त्या खान्यात जागा नव्हती.

तिसरे वाक्य प्रकरण आणखी बारीक करते. येथे 'आपले'चे पूर्वपद त्याच उपवाक्यातील लिली आहे आणि वाक्य निर्दोष आहे. म्हणजे 'आपल्या उपवाक्यातील पूर्वपद घेऊ नये' एवढा ठोकळ नियम 'आपण'ला लागू पडत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात फरक एवढाच की 'पाहिले' या क्रियापदाची लिली आणि 'आपल्याला' ही दोन घटकपदे, म्हणजे त्या क्रियेचे कर्ता आणि कर्म, आहेत, तर 'उचलले' या क्रियापदाची घटकपदे लिली आणि पुस्तक ही आहेत. 'आपले' हे पुस्तकाच्या आत बसलेले आहे. बंदी उपवाक्याला नसून एकाच क्रियापदाच्या सहघटकांना आहे.

मराठीतील या जोडीवर काशी वली यांनी प्रयोजक रचनांच्या संदर्भात 1979 सालीच लिहिले होते, म्हणजे बंधनाची तत्त्वे पुस्तकरूपाने येण्याच्याही आधी. प्रयोजकाकडे वळण्याचे कारण समजण्यासारखे आहे. 'रामने श्यामकडून स्वतःचे काम करवून घेतले' यात वरवर एकच क्रियापद दिसते, पण कर्ते दोन असल्याचा भास होतो, आणि 'स्वतःचे' कोणाचे, यावर त्या रचनेत एक उपवाक्य मानायचे की दोन, हे तपासता येते. पुढे 1991 मध्ये वली आणि के. व्ही. सुब्बाराव यांनी मराठी व तेलुगू यांच्या आधारे सर्वनामांच्या वर्गीकरणाचाच प्रश्न उपस्थित केला. मेरी डॅलरिम्पल यांनी 1993 मध्ये परिसराची वरची मर्यादा आणि सहघटकांपासूनची फारकत ही दोन स्वतंत्र बंधने असल्याची मांडणी केली, आणि त्या मांडणीत मराठीला ठळक स्थान होते. त्याच वर्षी राइनहार्ट आणि रॉइलंड यांनी वेगळ्या वाटेने, मुख्यतः डच आणि इतर युरोपीय भाषांवरून, बंधनाचा काही भाग परिसराऐवजी क्रियापदाच्या घटकपदांवर बसवला. नॉर्वेजियनमधील 'सेग' आणि 'सेग सेल्व' यांच्या वाटणीतही मराठीशी बरेच साम्य आढळते. दक्षिण आशियातील अनेक भाषांची अशी माहिती एकाच पद्धतीने मांडणारा ग्रंथ लस्ट, वली, गेअर आणि सुब्बाराव यांच्या संपादनाखाली 2000 साली आला.

दरम्यान आणखी एक सर्वसाधारण विधान लोकप्रिय झाले होते : दूरबद्ध आत्मवाचके एकसंध असतात, आणि घटक जोडून बनलेली आत्मवाचके जवळच बांधली जातात. पिएर पिका यांनी 1987 मध्ये याचे कारण सांगण्याचा प्रयत्न केला. एकसंध पद वरच्या उपवाक्यांकडे सरकत जाऊ शकते, जोडपद सरकत नाही, असा त्याचा गाभा. चिनीत हे छान जमते. मराठीत 'स्वतः' हा शब्द संस्कृतात 'स्व' आणि '-तः' असा फोडता येतो खरा, पण आजच्या मराठी बोलणाऱ्यासाठी तो एकसंधच आहे, तरीही तो जवळच बांधला जातो. माझ्या मते व्युत्पत्तीचा आधार घेऊन या अडचणीतून सुटका करून घेणे योग्य नाही. बोलणाऱ्याच्या व्याकरणाविषयीच्या विधानाची कसोटी त्या व्याकरणातच लागली पाहिजे.

या साऱ्या तपासणीत मराठी वाक्ये फसवी ठरतात ती प्रामुख्याने 'आपण'च्या अनेकार्थामुळे. 'रामने श्यामला सांगितले की मास्तरांनी आपल्याला बोलावले आहे' हे वाक्य ऐकणारा 'आपल्याला' म्हणजे 'राम' असे म्हणाला, तर ते दूरबद्ध बंधन असू शकते; परंतु 'राम आणि श्याम दोघांना' असेही कोणी म्हणेल, आणि तेव्हा रामच्या तोंडचा 'आपण' जसाच्या तसा उपवाक्यात आला, अशी शंका येते. मराठीत 'की'नंतर प्रत्यक्ष उद्गार सहज येत असल्यामुळे ही शंका किरकोळ नाही. ती दूर करण्याचा चांगला मार्ग म्हणजे पूर्वपद एखाद्या व्यक्तीऐवजी संख्यावाचक ठेवणे : 'एकाही मुलाला वाटले नाही की मास्तर आपल्याला बोलावतील.' येथे कोणाचाच उद्गार नाही आणि ठरावीक व्यक्तीही नाही, तरी प्रत्येक मुलाचा स्वतःपुरता विचार असाच अर्थ लागतो. म्हणजे हे खरे बंधन आहे, दोन नावे योगायोगाने एकाच माणसाकडे बोट दाखवतात असे नव्हे. 'स्वतः'च्या बाबतीत तशीच काळजी 'राम स्वतः आला' यांसारख्या जोर देणाऱ्या उपयोगाची घ्यावी लागते. तो उपयोग बंधनाचा पुरावा म्हणून मोजू नये.

अलीकडे चर्चा दृष्टिकोनाकडे झुकली आहे. आफ्रिकेतील काही भाषांत ज्याचे बोलणे किंवा विचार सांगितला जात आहे त्याच्यासाठीच वेगळे सर्वनाम असते. क्लेमेंट्स यांनी 1975 मध्ये एवे भाषेतील अशा सर्वनामाचे वर्णन केले, आणि पीटर सेल्स यांनी 1987 मध्ये ती कल्पना जपानी आणि आइसलँडिकच्या चर्चेत आणली. मग दूरबद्ध आत्मवाचकाला रचना बांधते की मन असलेला दृष्टिकोनधारक? इझाबेल शार्नाव्हेल आणि डॉमिनिक स्पोर्टिश यांनी 2016 मध्ये फ्रेंचसाठी यावर एक कसोटी वापरली : पूर्वपद निर्जीव घ्यावे. निर्जीवाला दृष्टिकोन नसतो, त्यामुळे जे बंधन शिल्लक राहील ते निव्वळ रचनेचे असेल.

मराठीत 'नदीने आपला प्रवाह बदलला' हे वाक्य सहज चालते, तेव्हा सहघटक नसलेल्या जवळच्या 'आपला'ला मनाची गरज दिसत नाही. 'वाटते की' अशा वाक्यांत निर्जीव पूर्वपद घालताच येत नाही, कारण वाटण्यासाठीच मन लागते. मधला मार्ग कृदन्ताचा आहे. 'रामने आपल्याला मदत करणाऱ्या माणसाला पैसे दिले' यात 'आपल्याला' हे कृदन्ताच्या आतून बाहेरच्या कर्त्याकडे जाते, आणि तेथे कोणाचा विचार सांगितलेला नाही. त्याच साच्यात निर्जीव कर्ता घातला की 'किल्ल्याने आपल्याला वेढणाऱ्या सैन्याला रोखून धरले' असे वाक्य मिळते. ते वाचकाला पटले तरी निकाल लागत नाही, कारण मराठी गद्यात किल्ले, नद्या आणि डोंगर यांना माणसासारखे वागवण्याची सवय जुनी आहे. त्यापेक्षा स्क्रू, नळ किंवा फाईल यांसारखी पूर्वपदे घेऊन हीच रचना तपासावी, आणि प्रत्येक वाक्य 'त्याला' किंवा 'तिला' या साध्या सर्वनामाच्या जोडवाक्याबरोबर मांडावे, म्हणजे कौल कृदन्ताच्या अवघडपणाचा आहे की 'आपण'चा, हे वेगळे करता येते.